नातवाची पांढरी पावडर आणि माझा १.४

जुना_कारकून | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय ६७. बँकेत ३४ वर्षं कारकुनी केली, त्यामुळे गोष्ट तारीखवार सांगायची खोड आहे. प्रश्न शेवटी आहे, तोवर धीर धरा.

आषाढीला देवळात कीर्तनाला जमिनीवर बसलो होतो. आरतीला सगळे उठले, मला उठता येईना. शेजारच्या दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं. लोकांना वाटलं आबांची समाधी लागली. नातवाला, ओंकारला, मात्र खरं काय ते कळलं. घरी येताना म्हणाला, "आबा, तुमच्या मांड्या संपल्यात. उद्यापासून माझ्याबरोबर जिमला."

गेलो. पहिल्या दिवशी त्याने वजनाला हात लावू दिला नाही. स्टुलावर बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि उठायचं. ३० सेकंदांत किती वेळा उठतो ते त्याने मोजलं. ९ वेळा. मी ते वहीत लिहिलं. (लाल पुठ्ठ्याची वही, निवृत्तीच्या वेळी कोरी राहिली होती.) पुढे हातात ६ किलोचं डंबेल छातीशी धरून बैठका, मग दोरीचं ओढणं, मग रिकामी दांडी जमिनीवरून उचलणं. आठवड्यात तीन दिवस. दसऱ्याला पुन्हा मोजलं तर १४.

आता पावडर. दिवाळीनंतर ओंकारने डबा आणला. क्रिएटिन, जिममधली पोरं ताकदीसाठी घेतात ते. पहिला आठवडा दिवसाला २० ग्रॅम, चार वेळा पाण्यातून, त्याला तो 'लोडिंग' म्हणतो. मग रोज ५. दहा दिवसांत माझं वजन सव्वा किलोने वाढलं. ओंकार म्हणाला, "मसल, आबा!" दहा दिवसांत सव्वा किलो मसल? आमच्या शाखेत एखाद्या खात्यात अशी रक्कम जमा झाली असती तर दुसऱ्या दिवशी व्हिजिलन्स दारात.

२० तारखेला बीपीची नेहमीची तपासणी होती. क्रिएटिनिन १.४, ठळक अक्षरात. शेजारी ईजीएफआर ५५. गेल्या वर्षी १.१ आणि ७४ होतं. डॉक्टरांनी "पावडर बंद, महिन्याने या" म्हणून सांगितलं. घरी मुलगा ओंकारवर कडाडला, "बापाची किडनी घालवतोस काय!" तेव्हापासून तो जेवायलाही उशिरा येतो.

प्रश्न तीन. एक, पावडरीने मूत्रपिंड खरंच बिघडतं का? दोन, मी माळकरी आहे. क्रिएटिन हा शब्द मांसाच्या ग्रीक शब्दावरून आलाय असं वाचलं. म्हणजे हे मटणातून काढतात का? तसं असेल तर बाकीची चर्चाच नको. तीन, जे मिळालंय ते पावडरीचं की स्टुलाचं?

---

तांबडा_रस्सा | २४ नोव्हेंबर, ७:०५

आबा, समाधी लागली हेच सांगत राहायचं होतं. गावात वट राहिला असता.

---

प्रोटीनपाटील | २४ नोव्हेंबर, ८:१२

काका, घाबरू नका. क्रिएटिन घेतलं की क्रिएटिनिन वाढतंच, ते खोटं असतं. मी सहा वर्षं घेतोय, माझं १.५ असतं, मी रिपोर्ट बघतही नाही. तुम्ही डॉक्टरांचं ऐकून सोडू नका. फक्त पाणी सहा लिटर प्या आणि लोडिंग पूर्ण करा, नाहीतर फायदा होत नाही.

---

वसुधा_के | २४ नोव्हेंबर, ९:३०

पाटील, असं कुणालाही सांगत जाऊ नका. माझ्या आईचं क्रिएटिनिन असंच १.४ होतं. "काही नाही हो, वयानुसार" म्हणत दोन वर्षं गेली आणि शेवटी डायलिसिस. तिने कुठली पावडर घेतली नव्हती. आकडा वाढला तर तो वाढलाय. काका, बंद केलंत तेच बरोबर.

---

कोकणी_माणूस | २४ नोव्हेंबर, १०:१५

मलाही स्टोन आहे, ६ मिमी. टोमॅटो आणि पालक बंद करा, कुळथाचं कढण प्या. पावडरीचा संबंध नसतो.

---

तांबडा_रस्सा | २४ नोव्हेंबर, १०:१९

स्टोन कुणाला आहे?

---

नळी_आणि_सुई | २४ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. रोज असे रिपोर्ट हाताखालून जातात म्हणून लिहिते.

आबा, तुमच्याच भाषेत सांगते. काउंटरसमोर रांग वाढली तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर कॅशियर मंद झाला, नाहीतर माणसंच जास्त आली. क्रिएटिनिन म्हणजे ती रांग आणि मूत्रपिंड म्हणजे कॅशियर. स्नायूत साठलेल्या क्रिएटिनपैकी दीड-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन बनून रक्तात येतं. तुम्ही बाहेरून २० ग्रॅम घातलंत, म्हणजे माणसं जास्त आली. रांग लांबली म्हणून कॅशियर झोपला असं लगेच म्हणता येत नाही.

ईजीएफआर हा तर मोजलेला आकडाच नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढं घालून मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं याचा सूत्राने काढलेला अंदाज असतो. या वयाच्या पुरुषाकडे रोज साधारण इतकी माणसं येतात, असं ते सूत्र धरून चालतं. तुम्ही डबा उघडला हे सूत्राला कुठे माहीत?

पण पाटील म्हणतात तसं 'खोटं असतं' हेही चुकीचं. रांग दोन्ही कारणांनी वाढते, आणि नुसत्या रांगेवरून कारण कळत नाही. वसुधाताईंच्या आईचं तेच झालं असणार.

आबा, एक विचारायचं होतं. रक्त दिलंत त्याच्या आदल्या दिवशी जिमला गेला होतात का? जड व्यायामानेही रांग वाढते.

---

जुना_कारकून | २४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

वही बघून सांगतो. १९ तारीख: बैठका १२ किलो धरून, तीन वेळा दहा. दांडी ३० किलो. शेरा: 'मांड्या बोलतात.' म्हणजे गेलो होतो.

रांगेचं उदाहरण पटलं. आमच्याकडे पेन्शनच्या दिवशी रांग रस्त्यावर जायची आणि साहेब कॅशियरलाच झापायचे.

---

स्टेथो_ठेवला | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मी निवृत्त फिजिशियन. लॅबवाल्या ताईंनी छान सांगितलं आहे, मी फक्त पुढचं जोडतो.

मूत्रपिंड निरोगी असलेल्या माणसाने रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन घेतलं तर मूत्रपिंड बिघडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण या वाक्यातला 'निरोगी' हा शब्द वयाच्या ६७ व्या वर्षी गृहीत धरता येत नाही, तपासावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी करा. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघा. गाळणी फाटली असेल तर अल्ब्युमिन तिथे दिसतं, आणि त्या तपासणीला पावडर फारशी फसवत नाही. दुसरी सिस्टाटिन सी. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी तयार करतात, स्नायू किती आणि खाल्लं काय याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. थायरॉइडचा त्रास असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर मात्र तेही हलतं. थोडी महाग आहे आणि नमुना बहुधा बाहेर पाठवावा लागतो.

पाटील, सहा लिटर पाण्याचा सल्ला मागे घ्या. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल आणि वर म्हातारा माणूस सहा लिटर पाणी प्यायला, तर रक्तातलं सोडियम उतरून तो आयसीयूत जाऊ शकतो. लोडिंगही सक्तीचं नाही. रोज ३ ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात. घाई असलेल्या खेळाडूला लोडिंग ठीक आहे. आबांना कुठल्या ऑलिम्पिकला जायचंय?

आता आबा, माझा प्रश्न. बीपीची कुठली गोळी घेता? आणि त्याशिवाय काय घेता? सगळं सांगा, मेडिकलमधून स्वतः आणलेलं पण.

---

जुना_कारकून | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

टेल्मिसार्टन, त्यातच लघवीची गोळी मिसळलेली आहे.

आणखी एक आहे. दांडी उचलायला लागल्यापासून खांदा दुखतो. मेडिकलवाल्याने दुखण्याची गोळी दिली, डायक्लोफिनॅक. रात्री एक. महिना होत आला. ही डॉक्टरांना सांगितली नाही, कारण त्यांनी विचारली नाही, आणि पावडरीच्या गोंधळात माझ्याही लक्षात आलं नाही.

---

स्टेथो_ठेवला | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

आबा, ती गोळी आजच बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. बीपीची गोळी स्वतःहून थांबवू नका.

टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक हे तिघं एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. वय झालेल्या माणसाचं मूत्रपिंड अचानक बिघडण्याचं हे अगदी ओळखीचं कारण आहे. उलटी-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच. तुमच्या १.४ मध्ये पावडरीचा वाटा किती आणि गोळीचा किती, मला इथून सांगता येणार नाही. पण दोघांपैकी कुणाला आधी पकडायचं असं विचाराल तर मी गोळीला पकडेन.

---

तांबडा_रस्सा | २५ नोव्हेंबर, ७:३०

म्हणजे नातू विनाकारण जामिनावर.

---

वसुधा_के | २५ नोव्हेंबर, ८:४४

आईसुद्धा गुडघ्यासाठी रोज गोळी घ्यायची. दहा-बारा वर्षं. आत्ता वाचताना हात थांबला.

---

तालीमवाला | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

विषय बदलतो, माफी. आमच्या कोल्हापुरात तालमीत ही भानगडच नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, जोर-बैठका. सत्तरीचे पैलवान मातीत बसतात आणि हात न टेकता उठतात. जे डब्यात आहे ते दुधात आहे.

---

नळी_आणि_सुई | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

दुधात प्रथिनं भरपूर असतात दादा, क्रिएटिन अगदी नावाला. एक किलो मटणात किंवा माशात चार-पाच ग्रॅम असतं. तुमचे पैलवान थंडाईबरोबर मटणही खातात ते तुम्ही गाळलंत. बैठकांचं मात्र शंभर टक्के खरं.

आबांचा दुसरा प्रश्न राहिलाच. १८३२ मध्ये शव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाला क्रिएटिन मांसात सापडलं, म्हणून नाव तसं पडलं. डब्यातलं मात्र कारखान्यात रसायनांपासून बनवतात, सार्कोसिन आणि सायनामाइड. त्यात जनावर कुठेच येत नाही. कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं असू शकतं, ते बघा. पावडरीच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे का पाहा.

शिवाय शाकाहारी माणसाचा स्नायूतला साठा मुळात कमी असतो. बाहेरून घेतलं की फरक बहुधा त्यालाच जास्त पडतो. माळकऱ्यांना झुकतं माप म्हणा.

---

जुना_कारकून | २५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

हिरवा ठिपका आहे. परवाना क्रमांकही १४ आकडी आहे, मोजला. माळेचा प्रश्न मिटला. विठ्ठलाला सायनामाइड चालत असावं.

आणखी एक. डब्यावर 'एक चमचा ३ ग्रॅम' लिहिलंय. घरच्या काट्यावर तोलून बघितलं. सपाट चमचा ३.१, पण ओंकार घालतो तसा शीग लावून ४.६. लोडिंगच्या आठवड्यात ते २० नव्हेच, ३० च्या आसपास गेलं असणार.

---

ओंकार_एस | २५ नोव्हेंबर, रात्री ११:२५

मी तोच नातू. आबांनी लॅपटॉप उघडा ठेवला होता, सगळं वाचलं.

चूक माझी आहे. गोळ्या कुठल्या चालू आहेत हे मी एकदाही विचारलं नाही. जिममध्ये मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मलाही सुचलं नाही. आणि लोडिंग माझ्यासाठी जसं केलं तसंच त्यांना दिलं. माझं वय २०.

खांद्याचंही माझ्यामुळेच झालं. दांडी उचलताना ते खांदे वर ओढतात, हे मला दिसत होतं. वजन कमी करायला हवं होतं, पण त्यांना ३० हा आकडा वहीत लिहायचा होता, म्हणून मी गप्प बसलो. आता २० वर आणतोय. आणि आबा, जोर लावताना श्वास कोंडता, तो आधी सोडायला शिका. बीपी त्यानेच चढतं.

---

प्रोटीनपाटील | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

भावा, मोठेपणा आहे. सहा लिटरचं मी मागे घेतो. लोडिंगचं नाही घेत, मला स्वतःला फरक जाणवला होता.

---

तांबडा_रस्सा | २६ नोव्हेंबर, ८:०१

केस गळतात म्हणे याने?

---

जुना_कारकून | २६ नोव्हेंबर, ८:०९

त्या खात्यात शिल्लक शून्य आहे. व्यवहार संभवत नाही.

---

जुना_कारकून | २४ डिसेंबर, सकाळी ६:३०

कळवायचं म्हटलं होतं, कळवतो. २२ तारखेला तपासण्या केल्या. दोन दिवस आधीपासून जिम बंद ठेवली.

क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ६६. सिस्टाटिन सी ०.९५, त्यावरून काढलेला अंदाज ८१. लघवीत अल्ब्युमिन नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड वयाच्या मानाने ठीक आहे. गोळीचं ऐकल्यावर मात्र चष्मा काढून माझ्याकडे नुसते बघत राहिले.

पण मला एक गोष्ट खटकते. पावडर २० ला बंद केली, गोळी २५ ला. जड दांडीही त्याच आठवड्यात सुटली. तीन नोंदी एकदम रद्द केल्या, आता ०.२ चा फरक कुठल्या नोंदीचा ते कोण सांगणार? क्रिएटिनिन १.४ होतं तेव्हाच सिस्टाटिन केलं असतं तर कळलं असतं. आता त्याला सस्पेन्स अकाउंटलाच टाकावं लागेल.

---

स्टेथो_ठेवला | २४ डिसेंबर, सकाळी ९:१५

बरोबर ओळखलंत. पण तेव्हा गोळी थांबवण्यात एक दिवसही घालवणं शहाणपणाचं नव्हतं.

शिवाय पावडर बंद केली तरी स्नायूतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. १.२ मध्येही तिचा थोडा अंश असेल. तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल आणि तुम्हाला खरंच घ्यायची असेल, तर हिशेब उलटा मांडता येईल. गोळी नाही, लोडिंग नाही, रोज सपाट ३ ग्रॅम. आठ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि सिस्टाटिन दोन्ही एकाच रक्तातून.

---

वसुधा_के | २४ डिसेंबर, १०:४०

मला अजूनही हे कळत नाही. तपासण्या करत करत एखादी गोष्ट घ्यायची, तर ती घ्यायचीच कशाला? स्टुलावरून ९ चे १४ पावडरीशिवाय झाले ना?

---

जुना_कारकून | २४ डिसेंबर, दुपारी ४:००

वसुधाताई, माझा तिसरा प्रश्न तोच होता. तुम्ही सोडून कुणी त्याला हात घातला नाही.

---

स्टेथो_ठेवला | २४ डिसेंबर, रात्री ८:३०

रास्त आहे. वयस्कर लोकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर, नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा व्यायाम आणि क्रिएटिन दोन्ही करणाऱ्यांत काही महिन्यांनी चरबी सोडून उरणारं वजन साधारण सव्वा ते दीड किलो जास्त भरतं. त्यातला काही भाग स्नायूत शिरलेलं पाणी असतं. आबांना पहिल्या दहा दिवसांत जे मिळालं ते जवळपास सगळं पाणीच. ताकदही थोडी जास्त वाढते. व्यायाम न करता नुसतं घेतलं तर विशेष काही होत नाही.

मी स्वतः घेत नाही. पण माझी बहीण घेते, पाठीचा कणा झिजलाय तिचा, आणि मी तिला नाही म्हटलेलं नाही.

---

कोकणी_माणूस | २५ डिसेंबर, सकाळी ९:००

कुळथाचं कोणी मनावर घेत नाही.

---

जुना_कारकून | १ मार्च, सकाळी ६:५०

धागा वर आणतोय. डॉक्टरांच्या परवानगीने १ जानेवारीपासून रोज सपाट चमचा घेतोय. डायक्लोफिनॅक एकही नाही. खांदा २० किलोवर दुखत नाही, आता २५ आहे, श्वास सोडून. २६ फेब्रुवारीचा रिपोर्ट: क्रिएटिनिन १.३, सिस्टाटिन सी ०.९४.

माझं वाचन असं. पावडरीने रांग ०.१ ने वाढली, कॅशियर जसा होता तसाच आहे. पहिल्या वेळचं उरलेलं शीग लावलेल्या चमच्यांचं, आदल्या दिवशीच्या मांड्यांचं की गोळीचं, ते सस्पेन्समध्येच राहणार. वर्षअखेरीस राइट ऑफ करीन.

३० सेकंदांत १७. ऑक्टोबरच्या १४ वरून. त्यात पावडर किती आणि ओंकार किती, तेही वेगळं काढता येत नाही. वसुधाताई, तुमचं म्हणणं मी खोडलेलं नाही.

---

नळी_आणि_सुई | १ मार्च, सकाळी ८:२०

छान जुळवलंत. फक्त ०.९५ आणि ०.९४ मध्ये फरक आहे असं धरू नका, मशीनचं एवढं इकडेतिकडे होतंच. ०.१ चंही थोडं तसंच. पुढच्या वेळीही आदल्या दिवशी पाय नकोत.

---

जुना_कारकून | १ मार्च, सकाळी ८:३१

नोंद केली.

---

गणेश_७७ | ३ मार्च, रात्री १०:४०

सगळं वाचायला वेळ नाही. कुठला ब्रँड चांगला? वडिलांना सुरू करायचंय, वय ७१, शुगर आहे.

---

वसुधा_के | ३ मार्च, रात्री १०:४६

आधी वडिलांच्या गोळ्यांचा डबा उघडून त्यात काय काय आहे ते इथे लिहा.